आधी गुडघे, मग गदा

विषय ठेवायचा 'कुस्ती सुटल्यानंतरचं आयुष्य' आणि निवृत्त पैलवानाला पहिलाच प्रश्न टाकायचा, 'तालमीत कधी गेलात?' पॉडकास्ट बिघडतो तो इथेच, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सत्कारांमध्ये कितीदा तरी दिलेलं असतं. वस्ताद, हौदा, खुराक, गाजलेली जोड असं करत पाऊण तास सरतो आणि खरा विषय शेवटच्या दहा मिनिटांत, दमलेल्या आवाजात उरकतो. खाशाबा जाधवांचंच बघा. हेलसिंकीचं कांस्यपदक १९५२चं, निधन १९८४चं. प्राचार्य खर्डीकरांनी त्या प्रवासासाठी घर गहाण ठेवून पैसे उभे केले, हे आपल्याला पाठ आहे. पण १९५५मध्ये फौजदार झालेल्या ऑलिंपिकवीराचा ठाण्यातला दिवस कसा जायचा, हे किती जणांना सांगता येईल? बत्तीस वर्षं आपण पदकाच्या मागे झाकून टाकली.

म्हणून तासाभराच्या मुलाखतीची सुरुवात आजच्या सकाळपासून करावी. किती वाजता जाग येते, जोर-बैठका सुटल्या तरी भूक तेवढीच राहिली का, जिना चढताना कोणता गुडघा बोलतो? पंधरा मिनिटं इथे गेली तरी चालतील. मग शेवटची कुस्ती, आणि तीही एकच. तिथून इनाम बंद झाल्यावर घर कशावर चाललं इथपर्यंत गाडी आपोआप येते, आणि निम्मा वेळ त्याच प्रश्नाला द्यावा. 'पैलवान डावांवरच खुलतो' असा आक्षेप येतो, तो खोटा नाही. पण खुलणं आणि पाठ केलेलं म्हणणं यांत फरक आहे: पाठ गोष्टीत थांबे नसतात. पैशाच्या प्रश्नानंतर शांतता पडली, तर मनात दहा आकडे मोजा; मधे पडू नका. कर्ज, आजारपण, घरातले वाद यांतलं काय विचारायचं नाही, हे मात्र आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावं. विषय सांगावेत, प्रश्न वाचून दाखवू नयेत, नाहीतर उत्तरंही पाठ होऊन येतात.

गजबजलेल्या पेठेत रेकॉर्डिंग करायचं तर दुकानांची शटरं वर जाण्याआधी उरकावं. रस्त्याकडच्या खिडकीवर जाड सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या की खोलीतला घुमारा कमी होतो. हॉर्न मात्र थांबत नाहीत. बसायला खोल सोफा नको, हात असलेली उंच खुर्ची हवी, आणि पंचवीस मिनिटांनी पाय मोकळे करायला उठू द्यावं. मोडलेल्या कानांवर हेडफोन दाबला जातो, तो आपणच घालावा. शेवटी चहा येईपर्यंत माइक काढू नका, पण 'अजून चालू आहे बरं का, पैलवान' एवढं त्यांना सांगा.