ग्राफ दिसला की आधी उभा अक्ष वाच

अगं, काल फोनवर तू म्हणालीस ना, कायनेमॅटिक्सची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण ग्राफचा प्रश्न आला की चारपैकी दोन पर्याय सारखेच खरे वाटतात, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे सविस्तर लिहितेय. एक कागद आणि पेन्सिल घेऊन बस.

दोन पर्याय खरे वाटतात, कारण आपली नजर आधी रेघेच्या आकारावर जाते आणि उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते मागाहून वाचलं जातं. रेघ खाली उतरताना दिसली की मन लगेच म्हणतं, वस्तू मागे यायला लागली. स्थान-काळाच्या ग्राफवर हे अगदी खरं आहे. पण वेग-काळाच्या ग्राफवर तीच उतरती रेघ एवढंच सांगते की वेग घटतोय. वस्तू त्या वेळी खुशाल पुढेच जात असेल. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे एक पर्याय हमखास या गफलतीसाठीच ठेवलेला असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे उभ्या अक्षावरच्या अक्षराभोवती गोल कर. x असेल तर स्लोप म्हणजे वेग. v असेल तर स्लोप म्हणजे त्वरण, आणि रेघ व काळाचा अक्ष यांच्यामधला एरिया म्हणजे विस्थापन. गोंधळ झालाच तर एककं बघ. स्लोप काढताना उभ्याला आडव्याने भागतो, एरिया काढताना गुणतो. मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद, मीटर उरले, म्हणजे विस्थापन. स्थान-काळाच्या ग्राफचा एरिया मात्र मीटर-सेकंदात येतो आणि या प्रश्नांत त्याचा काहीच उपयोग नसतो.

आता एक v-t ग्राफ काढ. सुरुवातीला वेग ८ मीटर प्रति सेकंद. तिथून सरळ रेघ खाली येते, ४ सेकंदांना काळाचा अक्ष ओलांडते आणि ६ सेकंदांना उणे ४ वर पोहोचते. पुढे ८ सेकंदांपर्यंत ती उणे ४ वरच आडवी राहते. पर्याय असे समज: पहिला, ४ सेकंदांना त्वरण शून्य आहे. दुसरा, ६ सेकंदांना वस्तूची दिशा बदलते. तिसरा, ८ सेकंदांत वस्तूने २८ मीटर विस्थापन केलं. चौथा, ४ ते ६ सेकंदांत वस्तूची चाल वाढते.

पहिला पर्याय फार मोहात पाडतो. ४ सेकंदांना वेग शून्य आहे, मग त्वरणही शून्य असेल असं वाटतं. पण त्वरण म्हणजे स्लोप, आणि रेघ अक्ष ओलांडताना तिचा स्लोप बदललेला नाही. ६ सेकंदांत वेग ८ वरून उणे ४ झाला, म्हणजे १२ ने घटला. स्लोप उणे २ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ४ सेकंदांनाही तो तेवढाच. पर्याय बाद.

दुसऱ्यात फसवायला ग्राफचा कोपरा आहे. ६ सेकंदांना रेघ वळते, म्हणून वस्तूही वळली असं वाटतं. v-t ग्राफवर दिशा कोपऱ्यात बदलत नाही, रेघ काळाचा अक्ष ओलांडते तिथे बदलते, कारण तिथे वेगाचं चिन्ह बदलतं. इथे ते ४ सेकंदांना घडलं. ६ सेकंदांना फक्त त्वरण उणे २ वरून शून्य झालं. हाही बाद.

तिसऱ्यासाठी एरिया काढू. ० ते ४ मध्ये अक्षाच्या वर त्रिकोण आहे: अर्धा गुणिले ४ गुणिले ८, म्हणजे १६. ४ ते ६ मध्ये अक्षाच्या खाली छोटा त्रिकोण: अर्धा गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ४. ६ ते ८ मध्ये खालीच आयत: २ गुणिले ४, म्हणजे ८. विस्थापन हवं असेल तर खालचे एरिया वजा कर: १६ वजा १२, म्हणजे ४ मीटर. कापलेलं अंतर हवं असेल तर सगळे मिळव: २८ मीटर. पर्यायात आकडा २८ बरोबर आहे, शब्द चुकलाय. सरासरी वेग विचारला तर ४ भागिले ८, म्हणजे ०.५ मीटर प्रति सेकंद. सरासरी चाल विचारली तर २८ भागिले ८, म्हणजे ३.५. असे दोन्ही आकडे पर्यायांत शेजारीशेजारी सापडतील, तेव्हा प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय एरियाला हात लावू नकोस.

उरला चौथा, आणि तोच खरा. ‘त्वरण उणे म्हणजे गती मंदावते’ हे वाक्य डोक्यातून काढून टाक. ४ ते ६ मध्ये वेगही उणे आहे आणि त्वरणही उणे. दोघांचं चिन्ह एकच, म्हणून चाल ० वरून ४ पर्यंत वाढते. त्याआधी ० ते ४ मध्ये चिन्हं विरुद्ध होती, म्हणून चाल घटत होती. ग्राफवर हे चटकन ओळखायचं तर रेघ अक्षापासून दूर जातेय की जवळ येतेय ते बघ. दूर जात असेल तर चाल वाढतेय, मग ती वर जावो की खाली.

याच ग्राफवर दुसऱ्या धाटणीचा प्रश्न येतो: चार x-t ग्राफ देतात आणि यातला जुळणारा कोणता ते विचारतात. इथे अख्खं समीकरण मांडत बसू नकोस, मोजक्या क्षणांचे स्लोप तपास. सुरुवातीला वेग ८, म्हणून x-t ची रेघ चढती निघायला हवी. आडवी निघणारे पर्याय खोड. ४ सेकंदांना वेग शून्य, म्हणून तिथे शिखर हवं, आणि वस्तू शून्यापासून निघाली असेल तर ते १६ मीटरवर. त्वरण उणे, म्हणून ६ सेकंदांपर्यंत वक्र खाली झुकलेला. ६ सेकंदांना स्थान १२, तिथून ८ सेकंदांना ४ पर्यंत सरळ उतरती रेघ. आणि ६ सेकंदांना वक्र व सरळ रेघ अलगद जुळायला हव्यात, कारण v-t वर तिथे वेगाने उडी मारलेली नाही. ज्या पर्यायात त्या जागी टोकदार कोपरा आहे, तो वेग अचानक बदलल्याचं सांगतो. बाकी सगळं जुळत असलं तरी तो चूकच.

‘शून्यापासून निघाली असेल तर’ असं मी मुद्दाम म्हटलं. v-t चा एरिया फक्त स्थानातला बदल सांगतो, वस्तू मुळात कुठे होती ते सांगत नाही. प्रश्नात सुरुवातीचं स्थान ३ मीटर दिलं असेल तर ८ सेकंदांना वस्तू ७ वर असेल, ४ वर नाही.

नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, सीईटीत जात नाही. पण दोन्हीकडे असे प्रश्न पर्याय खोडतच लवकर सुटतात. आज रात्री वरचाच ग्राफ घे, वस्तू सुरुवातीला ३ मीटरवर आहे असं धर आणि त्याचा x-t स्वतः काढ. खालीच त्वरण-काळाचा ग्राफही काढ. दोन्हींचा फोटो मला पाठव; ६ सेकंदांच्या जागी तू काय काढलंयस, ते मी सगळ्यात आधी बघणार आहे.