एका रेणूची दुरुस्ती

दम्याच्या रोग्यास ॲड्रिनलिन टोंचलें म्हणजे आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या होतात. पण छातीही धडधडते व रक्तदाब चढतो. गुण ठेवून दोष तेवढे काढतां येतील काय?

या रेणूंत सहा कार्बनांचें एक कडें असून त्यावर शेजारीं शेजारीं दोन हायड्रॉक्सिल गट असतात. कड्याच्या शेपटीस नायट्रोजन असून त्यावर लहानसा मेथिल गट असतो. मेथिलच्या जागीं मोठा आयसोप्रोपिल गट बसविला कीं आयसोप्रेनलिन होतें. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आल्फा ग्राहक-स्थानांस तें फारसें लागत नाहीं, बीटा स्थानांस लागतें. परंतु बीटा स्थानें हृदयांतही असल्यानें धडधड राहिलीच. शिवाय शरीरांतील एक एन्झाइम एका हायड्रॉक्सिलवर मेथिल चढवून औषध लवकर निकामी करतें.

मग तो हायड्रॉक्सिल काढूनच टाकावा? तसें केल्यास ग्राहक-स्थानाची पकड ढिली होऊन गुण उणावतो. इंग्लंडांतील ॲलन अँड हॅनबरीज कंपनीच्या रसायनज्ञांनीं शोधलेली तोड आम्हांस फार चतुर वाटते. त्यांनीं तो हायड्रॉक्सिल कड्यापासून एका कार्बनाइतका दूर नेला. पकड टिकली, एन्झाइम मात्र फसलें. नायट्रोजनवर त्यांनीं आणखी भरदार टर्शरी ब्यूटिल गट बसविला. हेंच १९६९ सालीं विक्रीस आलेलें साल्ब्युटमॉल. त्याचा गुण चार ते सहा तास टिकतो, व श्वासनलिकांतील बीटा-२ स्थानांकडे त्याचा ओढा अधिक असतो.

हा ओढा अर्थात् पूर्ण नव्हे. मात्रा वाढतांच हृदयही धडधडतें. हातांचा कंप तर निराळ्याच कारणानें होतो. हाडांच्या स्नायूंतही बीटा-२ स्थानेंच आहेत, तेव्हां निवड कितीही काटेकोर केली तरी तो जाणार नाहीं. म्हणून औषध थोडें व हुंगूनच घ्यावयाचें असतें.