कर्तव्याच्या यादीपासून कामगिरीच्या वाक्यापर्यंत : नवोदित अभियंत्याचे परिचयपत्र



व्यावहारिक मराठीच्या या घटकात आपण परिचयपत्राच्या, म्हणजे ज्याला सर्वत्र रेझ्युमे म्हटले जाते त्याच्या, एकाच भागाचा विचार करणार आहोत. प्रशिक्षण किंवा प्रकल्प या शीर्षकाखाली ज्या चार-पाच मुद्देवजा ओळी लिहिल्या जातात, तो हा भाग होय. तुमच्यापैकी अनेकांना धाकट्या भावाचे किंवा शेजारच्या मुलीचे परिचयपत्र ‘जरा पाहून द्या’ अशी विनंती झालेली असेल. तेव्हा बहुधा शुद्धलेखन तपासले जाते. मात्र दोष शुद्धलेखनात क्वचितच असतो. तो वाक्याच्या रचनेत असतो.

एक उदाहरण घेऊ. अमरावतीच्या महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक विद्यार्थी आहे. त्याने अकोल्यातील एका डाळ मिलमध्ये सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले. अकोला हे तूरडाळीचे मोठे केंद्र असल्यामुळे असे प्रशिक्षण तिकडे सहज मिळते. (उदाहरणातील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत.) त्याने लिहिलेल्या ओळी अशा :

‘यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी.’
‘बकेट एलिव्हेटरच्या तपासणीत सहभाग.’
‘दैनंदिन नोंदी ठेवणे.’

या ओळींत चूक काहीच नाही, आणि तरीही त्यांतून काही कळत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहा : जबाबदारी, तपासणी, सहभाग ही भाववाचक नामे आहेत, ‘ठेवणे’ हे क्रियापदाचे नामासारखे वापरलेले रूप आहे. नामाला काळ नसतो. काम सुरू केव्हा झाले, संपले की नाही, कोणी केले, त्यातून काय झाले, यांपैकी कशाचेही उत्तर द्यायला नाम बांधील नसते. त्याच मिलमध्ये नुसता उभा राहिलेला दुसरा प्रशिक्षणार्थीही अगदी याच तीन ओळी लिहू शकेल. निवड करणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते.

आता नामाच्या जागी भूतकाळी सकर्मक क्रियापद आणा. मराठीत येथे कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ‘मी ... ठेवल्या’ एवढे लिहिताच ‘काय ठेवल्या?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘नोंदी’ हे उत्तर आले की पुढचे प्रश्न आपोआप येतात : कशाच्या नोंदी, किती दिवस, आणि त्या नोंदींचे पुढे काय झाले?

हे प्रश्न विचारल्यावर आपल्या विद्यार्थ्याकडून पुढील हकिगत बाहेर आली. धान्य वरच्या मजल्यावर नेणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा सैल होऊन घसरे, खालच्या पेटीत तूर साचे आणि यंत्र थांबे. प्रत्येक वेळी यंत्र किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले आणि का थांबले, हे त्याने वहीत लिहिले. पहिल्या 18 कामाच्या दिवसांत एकूण 700 मिनिटे यंत्र बंद होते. बहुतेक थांबे पट्ट्यामुळे होते, हे वहीवरून दिसले. त्याने दर सोमवारी पट्ट्याचा ताण तपासावा आणि खालची पेटी रिकामी करावी, असे सुचवले. फिटरने ते केले. पुढच्या 18 दिवसांत बंद राहण्याचा वेळ 420 मिनिटांवर आला. घट 280 मिनिटांची. 700 च्या तुलनेत ती 40 टक्के होते.

सहा आठवड्यांत केलेले एवढे काम ‘दैनंदिन नोंदी ठेवणे’ या तीन शब्दांखाली गाडले गेले होते.

येथे घाई होते, म्हणून थोडे थांबू. ‘एलिव्हेटरचा बंद राहण्याचा वेळ 40 टक्क्यांनी कमी केला’ ही ओळ आकर्षक आहे, पण मुलाखतीत तिच्यावर दोन प्रश्न येतील.

पहिला प्रश्न तुलनेचा. दोन्ही कालखंड सारखे होते का? समजा, दुसऱ्या खंडात मिल 18 ऐवजी 12 च दिवस चालली असती. मग पहिल्या खंडात दिवसाला सुमारे 39 मिनिटे आणि दुसऱ्यात 35 मिनिटे, म्हणजे घट केवळ 10 टक्के ठरली असती. दोन पाळ्यांऐवजी एकच पाळी चालली असेल, तर दिवसांचा हिशोबही पुरत नाही; यंत्र प्रत्यक्ष चालले त्या तासांशी तुलना करावी लागते. म्हणून टक्का लिहिण्यापूर्वी पाया तपासावा. पाया लहान असेल तर टक्का लिहूच नये : थांबे पाचाचे तीन झाले, तर तेही 40 टक्केच होतात. तेथे ‘पाचावरून तीन’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक, आणि माझ्या मते अधिक विश्वासार्हही.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. पट्टा ताणला फिटरने. मग ‘कमी केला’ याचा कर्ता कोण? करणे, करवून घेणे, सुचवणे, मदत करणे या चार वेगळ्या क्रिया आहेत आणि मराठी त्यांतला फरक स्पष्ट ठेवते. परिचयपत्रात मात्र सगळ्यांचे ‘केले’ होऊन जाते. ‘एकटा की आणखी कोणी?’ या एका प्रश्नाने ते उघडे पडते. खरे तर निदान करणे हे पाना फिरवण्यापेक्षा कमी दर्जाचे काम नाही. अभियंत्याकडून तेच अपेक्षित असते. ते त्याच्या खऱ्या नावाने लिहावे :

‘बकेट एलिव्हेटरच्या थांब्यांची 36 दिवस कारणांसह नोंद ठेवली, पट्टा सैल होणे हे मुख्य कारण शोधून साप्ताहिक तपासणी सुचवली. फिटरने ती अमलात आणल्यावर बंद वेळ 18 दिवसांत 700 वरून 420 मिनिटांवर आला.’

ही ओळ लांब वाटेल. जागा कमी असल्यास शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करून मधले शब्द छाटावेत, ‘सुचवली’ मात्र छाटू नये. मिलचे उत्पादन, गिऱ्हाइके किंवा नफा यांचे आकडे मालकाच्या परवानगीवाचून लिहू नयेत, हेही ओघाने सांगतो.

घट किंवा वाढ दाखवता येत नाही अशी कामेही असतात. संत्र्याच्या बागेसाठी मातीतील ओलावा मोजणारे उपकरण बनवणाऱ्या विद्यार्थिनीकडे ‘आधी’ आणि ‘नंतर’ नसते. तिने प्रमाण पद्धतीशी तुलना द्यावी : मातीचे नमुने भट्टीत 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून काढलेला ओलावा आणि उपकरणाने दाखवलेला ओलावा यांत, किती नमुन्यांवर, जास्तीत जास्त किती फरक आला. आकडा तिच्याजवळ आहे. तो प्रयोगवहीतून उचलायचा आहे.

परिचयपत्र बहुधा इंग्रजीत जाते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे भाषांतर करताना आपण स्थळ, काळ, यंत्र यांपासून सुरुवात करतो आणि ‘रिड्यूस्ड’ किंवा ‘आयडेंटिफाइड’ हा शब्द ओळीच्या टोकाला ढकलतो. इंग्रजी परिचयपत्रात कर्ता गाळून भूतकाळी क्रियापद पहिले ठेवतात. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणारी ओळ म्हणजे आपली ‘जबाबदारी’च, वेष बदललेली.

स्वाध्याय : ‘प्रयोगशाळेत चाचण्या घेण्यात सहभाग’ ही ओळ लिहिणाऱ्या ओळखीच्या विद्यार्थ्याला भेटा. काय, किती, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणाबरोबर, हे विचारा आणि प्रत्येक उत्तरासमोर ते कोणत्या वहीत किंवा अहवालात दाखवता येईल हे लिहा. ज्या उत्तरासमोर जागा रिकामी राहील, ते वगळून ओळ पुन्हा रचा.