आधी लेखी, मग मैदान

भोपाळमधल्या मराठी घरात मुलगा किंवा मुलगी पोलीस भरतीच्या तयारीला लागली की पहिला सल्ला बहुधा नागपूर-अमरावतीहून फोनवर येतो: "आधी ग्राउंड काढ, लेखीचं नंतर बघू." सल्ला देणारा मामा त्याच्या जागी बरोबर असतो. महाराष्ट्रात सध्या मैदानी चाचणी आधी होते आणि त्यातून एका जागेमागे दहा उमेदवार लेखीला बोलावले जातात. मध्य प्रदेशात क्रम उलटा आहे. कर्मचारी चयन मंडळ आधी संगणकावर लेखी परीक्षा घेतं. तिच्या निकालात नाव आलं तरच 800 मीटर धावणं, लांब उडी आणि गोळाफेक यांची वेळ येते. सैन्याच्या अग्निवीर भरतीतही 2023 पासून ऑनलाइन लेखी आधी आणि रॅली नंतर असं झालं आहे.

क्रम उलटा म्हणजे तयारीही उलटी, असं मात्र समजू नका. मुलं नेमकी तिथेच फसतात. लेखी होईपर्यंत बूट कोपऱ्यात पडलेले, लेखीनंतर निकालाची वाट बघणं, आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून रोज पाच-सहा किलोमीटर. 2023 च्या आरक्षक भरतीचं उदाहरण घ्या. लेखी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबर 2023 मध्ये झाली, निकाल मार्च 2024 मध्ये लागला, शारीरिक चाचण्या सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्या. दोन टप्प्यांत वर्षभराचं अंतर. शिवाय त्या भरतीच्या अंतिम यादीत लेखी आणि शारीरिक दोन्हींना सारखं वजन होतं. मैदान फक्त 'काढून' भागत नव्हतं, तिथेही गुण मिळवायचे होते.

आता वेगाचं गणित मांडू. मध्य प्रदेश पोलिसांत पुरुषांसाठी 800 मीटरची मर्यादा 2 मिनिटं 45 सेकंद आहे. अग्निवीरला 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर त्या चाचणीचे पूर्ण 60 गुण मिळतात. दोन्हींत 400 मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत बसते. वेग तोच, फक्त सैन्याला तो दुप्पट अंतर टिकवावा लागतो. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज भरणाऱ्या मुलाने धावण्याचे दोन वेगळे कार्यक्रम करू नयेत. 1.6 किलोमीटरची तयारी केली की पोलिसांची 800 मीटर त्यातच येते, वर थोडा वेगाचा सराव लागतो. मुलींना पोलीस भरतीत 800 मीटरसाठी चार मिनिटं आहेत. ही मर्यादा सैल वाटते, पण गुण मोजले जाणार असतील तर तिच्यावर विसंबू नये.

समजा, पिपलानीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आज 800 मीटर 3 मिनिटं 5 सेकंदांत धावतो. त्याला फेरीमागे दहा सेकंद कमी करायचे आहेत, आणि लेखी चार महिन्यांवर आहे. पहिले अडीच महिने त्याने आठवड्यातून चार दिवस धावावं. दोन दिवस सावकाश, चार-पाच किलोमीटर, बोलता बोलता धावता येईल इतक्या वेगाने. दोन दिवस वेगाचे: 400 मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर अडीच-तीन मिनिटं चालणं. सुरुवात 90 सेकंदांच्या फेरीने करावी आणि शेवटची फेरीही तितक्याच वेळात येऊ लागली की दोन सेकंद कमी करावेत. पहिली 80 आणि शेवटची 100 येत असेल तर तो वेग अजून त्याचा नाही. उडी आणि गोळा वेगाच्याच दिवशी, धावण्याआधी, पाय ताजे असताना. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो. तो 19 फूट टाकण्यात खांद्याच्या जोराइतकाच पायाच्या रेट्याचा वाटा असतो, म्हणून थकलेल्या पायाने केलेला सराव फारसा कामाचा नाही.

लेखीला शेवटचे सहा आठवडे उरले की धावणं बंद करायचं नाही, कमी करायचं. इथे एका जुन्या संशोधनाचा आधार घेता येतो. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे कसून व्यायाम केलेल्या लोकांचा व्यायाम आठवड्याच्या सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणून पाहिला. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची दमाची क्षमता जवळपास तशीच राहिली. अट एकच होती: त्या दोन दिवसांतला जोर कमी करायचा नाही. जोर कमी केलेल्यांची क्षमता घसरली. परीक्षेच्या काळात बहुतेक मुलं याच्या उलट करतात. रोज जातात, पण रेंगाळत धावून येतात. वेळही जातो आणि वेगही. त्यापेक्षा मंगळवार आणि शनिवार पाऊण-पाऊण तास, वेगाच्या फेऱ्या, आणि बाकी पाच दिवस पहाट अभ्यासाला.

धावण्याच्या दिवशी अभ्यास कुठे बसवायचा हाही प्रश्न आहे. वेगाच्या फेऱ्यांनंतर लगेच गणित घेऊन बसलात तर डोळे मिटतात, आणि घरचे त्याला आळस म्हणतात. परत आल्यावर नाश्ता, अर्धा तास झोप, मग दहाच्या सुमारास तर्क आणि अंकगणित. सामान्य ज्ञानाचं पाठांतर संध्याकाळी. मध्य प्रदेशच्या पेपरला दोन तासांत शंभर प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अग्निवीरच्या पेपरमध्ये कापतात. म्हणून दोन्हींचे सराव पेपर वेगवेगळ्या दिवशी सोडवा, नाहीतर इथली सवय तिथे नडते.

आईवडिलांनी पहाटे चारचा गजर लावून देण्यापेक्षा रात्री दहाला मोबाइल बाहेर ठेवायला लावला तर जास्त उपयोग होईल. भोपाळच्या मे महिन्यात ऊन चढायच्या आत परतायला हवं, त्यामुळे पहाट टळत नाही. झोप वाढवायची तर रात्रीच्या बाजूनेच वाढवता येते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ओळखायला शिकावी: नडगीचं दुखणं. तलावाकाठच्या डांबरी रस्त्यावर एकदम धावणं वाढवलं की नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखू लागतं आणि अंग गरम झालं की कमी होतं. हे अंतर कमी करून, मातीच्या मैदानावर जाऊन सुधारतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, म्हणून 'एक्स-रे स्वच्छ आहे' यावर धावणं सुरू ठेवू नका. अस्थिरोगतज्ज्ञाला भरतीची तारीख सांगूनच दाखवा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरायची जी पद्धत पडली आहे, ती घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडावर बेतू शकते.

लेखीनंतर आठवडाभर विश्रांती, मग निकालाची वाट न बघता पुन्हा चार दिवसांचा क्रम. शारीरिक चाचणीची तारीख आली की शेवटचे दहा दिवस अंतर निम्मं करायचं, वेग तोच. प्रत्यक्ष 800 मीटरला गटात धावताना पहिले दोनशे मीटर सगळेच पिसाटल्यासारखे सुटतात. तुमची पहिली फेरी 79 सेकंदांच्या आसपास आली पाहिजे, 70 नव्हे. दुसरी 82 मध्ये जमली तर 2 मिनिटं 41 सेकंद होतात आणि चार सेकंद हाताशी राहतात.