खोकला थांबल्यावरचं बोलणं

टीबीच्या रुग्णाशी सगळ्यात अवघड बोलणं निदानाच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, सांगाल ते ऐकतो. अवघड बोलणं पुढे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतं. ताप उतरलेला असतो, भूक लागते, खोकला थांबतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता बरी झालीस की. कशाला त्या गरम गोळ्या?" त्या सुमाराची घरभेट कशी करायची, ते आशाताईंसाठी इथे लिहिते आहे.

उदाहरणासाठी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबातली सून धरू. वय 24, वजन 38 किलो, फुप्फुसाचा टीबी, थुंकीत जंतू सापडलेले. श्रावणाच्या तोंडाशी औषध सुरू झालं. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, म्हणजे दसरा उरकला की कोयता निघणार. औषध 24 आठवड्यांचं आहे आणि त्यातला मोठा भाग फडावर जाणार आहे. आज उपचाराचे 40 दिवस पूर्ण झाले आहेत.

आधी वजन आणि गोळ्या, मग बोलणं

घरात शिरल्याबरोबर समजवायला बसू नका. आधी वजन करा. ते 41 किलो भरलं, तर तो आकडा तिला मोठ्याने सांगा. सहा आठवड्यांत तीन किलो वाढले, ही तिची कमाई आहे. डोसही तोच राहतो, कारण 35 ते 49 किलोपर्यंत रोज तीन गोळ्याच असतात.

मग तिच्यासमोर, तिच्याच हाताने गोळ्या मोजा. पहिल्या दोन महिन्यांच्या 56 दिवसांसाठी तिला 168 गोळ्या मिळाल्या. 40 दिवसांच्या 120 संपल्या असतील, तर 48 उरायला हव्यात. पाकिटांत 57 निघाल्या. म्हणजे नऊ गोळ्या, तीन दिवस.

इथे "का नाही घेतल्या?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस खोटं उत्तर देतो, कारण त्यात आरोप असतो. "कोणते तीन दिवस गं?" असं विचारा. ती बोटं मोजत सांगेल, श्रावणातले सोमवार. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं आणि उपासाला औषध चालतं की नाही, हे कुणाला विचारायचं तेही सुचलं नाही. अशी गाठ सापडली की सुटते. गोळी उपाशीपोटी घेतलेली जास्त चांगली, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतली तरी चालते. उपासाच्या दिवशी केळं किंवा थोडी साबुदाण्याची खिचडी पुरे. राहिलेले तीन दिवस शेवटी वाढवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊन भरपाई करायची नाही, हे ठासून सांगा, कारण प्रामाणिक माणसंच ती चूक करतात.

बरं वाटतं, मग औषध कशाला?

हा प्रश्न तिने विचारला नाही तर आपण काढावा. "तुला बरं वाटतंय ते खरं आहे," इथून सुरुवात करा. ते नाकारलंत तर पुढचं काही ती ऐकणार नाही.

फुप्फुसातले बहुतेक जंतू भराभर वाढणारे असतात. औषधाच्या पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांत तेच मरतात, म्हणून ताप आणि खोकला जातो. पण थोडे जंतू जवळजवळ निजलेले असतात. ते फारसे वाढत नाहीत, आणि औषध मुख्यतः हालचाल करणाऱ्या जंतूवर चालतं. त्यातला एखादा आठवड्यांनी जागा होतो. त्या दिवशी अंगात औषध असलं तर तो मरतो, नसलं तर तो वाढायला लागतो. म्हणून रोजची गोळी, म्हणून इतके महिने. रानात राबणाऱ्या बाईला हरळीचं उदाहरण लगेच कळतं. वरची हरळी खुरपून रान स्वच्छ दिसतं, पण खालच्या काश्या राहिल्या तर पाऊस पडताच ती पुन्हा फुटते.

मध्येच गोळी सोडणाऱ्या प्रत्येकाचा टीबी उलटतोच, असं सांगू नका. ते खरं नाही आणि गावात एखादा दाखला तिच्या समोर असतोच: "त्यांनी दोन महिन्यांत सोडली, त्यांना काही झालं नाही." तेव्हा सांगायचं, की कुणाचा उलटेल हे आधी ओळखण्याची तपासणी नाही. नवी, जोरदार औषधं घालून उपचार चार महिन्यांवर आणता येतो का, याचे तीन मोठे प्रयोग झाले. त्यांचे निकाल 2014 मध्ये आले. चार महिन्यांच्या उपचारानंतर आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा स्पष्ट जास्त निघालं. तिथे गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित दिलेल्या होत्या. आपण दोन महिन्यांवर, सोमवार वगळून थांबलो तर काय होईल, ते तिचं तिला कळतं. आणि थांबत-थांबत घेतलेल्या औषधाला जंतू सरावले, तर तेच औषध पुढे लागू पडत नाही. मग उपचार बदलतो आणि तो सोसायला जास्त जड असतो.

लगेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. दोन महिने झाले की गोळी बदलते. आधीच्या गोळीत चार औषधं असतात, नंतरच्या गोळीत तीन. हे आधी कळलं नसेल तर घरात अर्थ काढला जातो, की औषध कमी केलं म्हणजे रोग संपत आला, आता दोन-चार दिवस चुकले तरी चालतील. औषध सुटण्याची ही ठरलेली जागा आहे.

त्रास कोणता सोसायचा, कोणता नाही

लघवी आणि घाम नारिंगी होतो. तो औषधाचा रंग आहे, त्याची भीती नको. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टर ब जीवनसत्त्वाची गोळी देतात, टीबीचं औषध चालू ठेवूनच. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तरीही तसंच. या दोन-तीन गोष्टींत आपण "घेतच राहा" म्हणायचं नाही.

तरुण बाईला एकांतात एक प्रश्न विचारा: माला-एन घेतेस का? टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन त्या गोळीचा परिणाम कमी करतं. माला-एन आपणच वाटतो, म्हणून हे सांगणंही आपल्याकडेच येतं. औषध चालू असेपर्यंत निरोध वापरा किंवा तांबीबद्दल डॉक्टरांना विचारा.

वेगळं ताट

आता घराकडे बघा. तिचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं असेल. लेकरू आजीजवळ झोपत असेल. कदाचित "माहेरी पाठवून देऊ" अशी भाषा सुरू असेल. बाई औषध लपून घेते आणि मग सोडते, त्यात बरेचदा हेच असतं. गोळी दिसली की रोग आठवतो, म्हणून गोळीच नको वाटते.

सासूशी बोलण्याआधी सुनेला विचारा, "मी आत्यांशी बोलू का?" तिने हो म्हटलं तरच बोला. पंचायतीसारखी सगळ्यांची बैठक घेऊ नका. सासूजवळ चुलीपाशी बसा आणि तिचं भय आधी ऐकून घ्या. तिच्या माहेरी कुणी या रोगाने गेलं असेल. तिने ताट वेगळं केलं ते दुष्टाव्याने केलं, असं धरून चालू नका.

मग सांगा: "मावशी, हा रोग खोकल्यातून हवेत जातो, हवेतून दुसऱ्याच्या छातीत. ताटातून, कपड्यातून, अंथरुणातून जात नाही. औषध लागू पडून रोज पोटात गेलं की काही आठवड्यांत पसरणं खूप कमी होतं. तिचा खोकला गेलाय, वजन वाढलंय. तिच्यापासूनचा धोका वाढायचा असला तर तो औषध सोडल्यावर."

सासू म्हणेल, पूर्वी तर अशा माणसांना दवाखान्यात दूर ठेवायचे. बरोबर आहे, ठेवायचे. म्हणूनच 1956 पासून मद्रासमध्ये याची परीक्षा झाली. गरीब वस्तीतले काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना तीच औषधं घरी, छोट्या खोल्यांत, माणसांत राहून दिली. 1959 मध्ये निकाल आला. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाल्याचं आढळलं नाही. जगभर रुग्णांना घरी ठेवून उपचार करायचं धोरण बळावलं, त्यात या मद्रासच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

शेवटी सासूला काम द्या. सकाळी खिडकी-दार उघडं ठेवायचं आणि गोळी घेताना समोर बसायचं. पहारा ठेवायला पाठवलेली सासू आणि काळजीने बसलेली सासू यांतला फरक सुनेला बरोबर कळतो, म्हणून हे काम सांगताना शब्द जपून वापरा. घरातल्या बाकीच्यांची, आधी लेकराची, तपासणी करून घ्या. आजार नसेल तर प्रतिबंधाचं औषध मिळतं, त्याचं डॉक्टर ठरवतील. निघताना त्या घरात चहा प्या. तेवढ्याने जे कळतं ते तासभर बोलून कळत नाही.

गल्लीत कुणी विचारलं "कशाला आला होतात?" तर "वजन करायला" एवढंच उत्तर द्या. रोगाचं नाव सांगायचा हक्क तिचा आहे.

फडावर निघण्याआधी

दोन महिने पूर्ण झाल्यावरची थुंकी तपासणी निघण्याआधीच व्हायला हवी. जंतू अजून दिसले तर औषध लागू पडतंय का, याची तपासणी करावी लागते, आणि ते काम फडावरच्या कोपीतून जमणार नाही. पोषण आहाराचे महिन्याला 1,000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते) तिच्या खात्यात येतात का, तेही पासबुकात बघा. ऊस तोडणाऱ्या अंगाला ते अंडी-शेंगदाण्यांना लागतात.

मग चार गोष्टी लिहून घ्या: निक्षय क्रमांक, नवऱ्याचा आणि मुकादमाचा फोन, कारखान्याचं नाव, निघण्याची तारीख. मुकादमाला टीबी सांगायचा की नाही ते ती ठरवेल. फोन पत्ता कळण्यापुरता ठेवायचा. ही माहिती उपचार पर्यवेक्षकांना दिली की निक्षयवर तिचं नाव कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे पाठवता येतं. नव्या ठिकाणी औषध हातात पडेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या तिच्या पेटीत असू द्या. निक्षय क्रमांक कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवायला सांगा. अडलं तर 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे.

उपचार जानेवारीच्या शेवटी, ऐन हंगामात संपेल. शेवटची थुंकी तपासणी तिकडेच होईल. तिकडच्या केंद्राने "आमच्याकडे आल्या, औषध सुरू आहे" असं कळवेपर्यंत तिचं नाव आपल्या वहीतून काढू नका.