लाकडी घाण्यावरचे शेंगदाणा तेल : गाळप, पारख व साठवण

गावोगावी विजेवर चालणारे लाकडी घाणे उभे राहू लागले आहेत व आपल्याच शेंगांचे तेल गाळून घेण्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांचा कल आहे. परंतु घाण्याचे तेल शुद्ध असते म्हणून ते निर्दोषच असेल, अशी जी समजूत आढळते ती बरोबर नव्हे. कारखान्यात तेलाचे शुद्धीकरण करताना दाण्यातील बरेचसे दोष निघून जातात. घाण्याच्या तेलावर अशी प्रक्रिया होत नाही. म्हणून दाणा जसा, तसे तेल.

दाण्याची निवड

शेंगा वाळवून हलविल्या असता खुळखुळ वाजल्या पाहिजेत. दाणा दोन बोटांत दाबला असता टचकन फुटावा व तळहातावर चोळल्यास त्याचे साल सुटावे. ओलसर राहिलेल्या दाण्यावर एक पिवळसर-हिरवी बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. हे विष यकृतास अपाय करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोधाअंती त्याचे कारण बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड हे निघाले. घरगुती तापविण्याने हे विष नाहीसे होत नाही. त्यातील बराच भाग पेंडीत उतरतो व काही भाग तेलातील गाळाबरोबर येतो. अशी पेंड दुभत्या जनावरास घातल्यास त्याचा अंश दुधातही उतरतो. यास्तव काळपट, सुरकुतलेले, किडके व बुरशीचे दाणे हाताने वेचून काढावेत आणि ते तेलासही वापरू नयेत व जनावरांसही घालू नयेत.

गाळपाची रीत

घाण्याच्या उखळात लाट सावकाश फिरते. त्यामुळे दाणा भरडला जातो, पण फारसा तापत नाही. तेल हातास कोमट लागते इतकेच. लोखंडी यंत्रात दाबाने व घर्षणाने दाणा पुष्कळ तापतो, तेल अधिक निघते, परंतु मूळचा वास कमी होतो. भरड झाल्यावर घाणेवाला पाण्याचा हलका हबका मारतो. त्यामुळे पेंड एकजीव होऊन तेल सुटते. पाणी जास्त झाल्यास ते तेलात उतरते व तेल लवकर बिघडते.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. 10 किलो दाण्यांतून 500 ग्रॅम वाईट दाणे वेचून काढले. उरलेल्या साडेनऊ किलोंपासून शेकडा 40 प्रमाणे 3 किलो 800 ग्रॅम, म्हणजे सुमारे 4 लिटर तेल मिळते. बाकीची पेंड होय. यंत्रापेक्षा हा उतारा कमी असतो. मात्र उरलेले तेल पेंडीत राहते व अशी पेंड दुभत्या जनावरास पौष्टिक ठरते. वेचण्यात अर्धा किलो दाणा जातो खरा, पण त्याची बचत करू नये.

गाळलेले तेल झाकून तीन-चार दिवस स्थिर ठेवावे. गाळ तळाशी बसल्यावर वरचे निवळ तेल दाट कापडातून गाळून घ्यावे.

रंग व वास

चांगले तेल फिकट सोनेरी असते व त्यास कच्च्या शेंगदाण्याचा सौम्य वास येतो. दाणे भाजून गाळल्यास रंग गडद व वास खमंग होतो. म्हणून गडद रंग ही शुद्धतेची खूण समजू नये. पळीत थोडे तेल तापवून पाहावे. तडतड आवाज झाल्यास पाण्याचा अंश राहिला आहे असे समजावे. जुन्या रंगाचा किंवा वॉर्निशचा वास आणि घशात खवखव, ही तेल खवट झाल्याची लक्षणे होत.

उपयोग

फोडणी, भाजी, आमटी, भाकरीबरोबर खावयाची चटणी यांसाठी हे तेल उत्तम. शुद्धीकरण केलेल्या तेलापेक्षा ते कमी आचेवर धूर सोडते. म्हणून मोठ्या आचेवर दीर्घकाळ तळण्यास ते योग्य नाही. घरच्या पुऱ्या मध्यम आचेवर तळण्यास हरकत नाही. मात्र तळणीचे उरलेले तेल ताज्या तेलात मिसळू नये.

टिकाऊपणा

निवळलेले, कोरडे तेल बंद डब्यात थंड व अंधाऱ्या जागी साधारण तीन ते सहा महिने चांगले राहते. डबा फोडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवावे. उजेड, हवा व उष्णता यांनी तेल खवट होते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ते अधिक लवकर बिघडते. म्हणून पोलादी डबा किंवा गडद रंगाची काच वापरावी. भांडे धुतल्यावर उन्हात कोरडे करूनच भरावे व जुन्या तेलावर नवे ओतू नये.

वर्षभराचे तेल एकदम गाळून ठेवण्याऐवजी वाळलेल्या शेंगा कोरड्या जागी न फोडता ठेवाव्यात व दर दोन महिन्यांस लागेल तेवढेच गाळप करावे. ग्रामसेवकांनी घाणेवाल्यांस प्रत्येक डब्यावर गाळपाची तारीख लिहावयास सांगावे.