सांधेदुखी थांबली, तरी पी.टी. नको

प्रश्न : सातवीतली मुलगी ऱ्हुमॅटिक तापातून उठतेय. हृदयालाही सूज होती. शाळेला पत्र कसं लिहू?
– एक पालक, संगमनेर (जि. अहिल्यानगर)

उत्तर : नुसतं ‘आजारी आहे’ लिहू नका. सांधेदुखी थांबली की मूल धडधाकट दिसतं आणि शिक्षक त्याला मैदानावर उतरवतात. हृदयाची सूज मात्र आठवडेच्या आठवडे टिकू शकते. मुख्याध्यापकांना असं लिहा :

‘माझ्या मुलीला ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाला सूज आली आहे. डॉक्टरांच्या पुढील तपासणीपर्यंत तिला धावणे, कवायत व खेळांतून सूट द्यावी. वर्गात बसण्यास हरकत नाही. धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास त्वरित कळवावे. प्रमाणपत्र जोडले आहे.’

तपासणीची तारीख जरूर घाला. सूट संपली तरी पेनिसिलिनचं इंजेक्शन डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे, साधारण दर तीन-चार आठवड्यांनी, चालूच ठेवा.